भाडेकराराचा मसुदा पीडीएफमध्ये आला आहे, फक्त शेवटचं पान सही करून पाठवू का?

निळी_शाई

नमस्कार मंडळी. मी आणि माझी बहीण एक घर भाड्याने घेत आहोत. घरमालकांनी कराराचा मसुदा पीडीएफमध्ये पाठवला. पाच पानं, बावीस कलमं, आणि पाचव्या पानावर फक्त सह्यांच्या जागा. पहिल्या मसुद्यातलं कलम ६ आम्हाला मान्य नव्हतं. मालक न सांगता केव्हाही येऊन घराची पाहणी करू शकतील, असं त्यात होतं. आम्ही ते काढायला सांगितलं, त्यांनीही लगेच मान्य केलं आणि काल नवी पीडीएफ आली. आता कलमं एकवीस आहेत.

मालक म्हणतात की शेवटचं पान तेच आहे, ते छापून सही करा आणि स्कॅन करून पाठवा, बाकीची पानं मी जोडून घेतो. माणूस चांगला वाटतो, संशय घ्यावा असं काही नाही. पण त्या पानावर सह्यांच्या वर लिहिलं आहे, ‘वरील कलमे १ ते २२ आम्ही वाचली असून ती आम्हांस मान्य आहेत.’ कलमं तर एकवीसच उरलीत. आणि कलम १७ मध्ये ‘कलम १६ मध्ये नमूद कारणांशिवाय घरमालक मुदतीआधी घर रिकामे करण्यास सांगू शकणार नाही’ असं आहे. कलम १६ उघडून पाहिलं तर ते गच्चीच्या वापराबद्दल आहे, त्यात कारणं वगैरे काही नाहीत.

ही टंकनाची चूक समजून सोडून द्यायची, की थांबायचं?

रोखठोक

थांबायची गरज नाही. पीडीएफ एकदा झाली की ती बदलता येत नाही, म्हणून तर सगळे पीडीएफ पाठवतात. तुमच्याकडे ईमेलमध्ये ती आहेच. प्रत्येक पानावर छोटी सही करा, म्हणजे पानं बदलायचा प्रश्नच मिटला. १६ आणि १७चा घोळ कोणालाही वाचून कळेल, त्यावरून पुढे भांडण होणार नाही.

कलमदान

निळी_शाई ताई, थांबा. मी बरीच वर्षं करारांचे मसुदे टंकित करण्याचं काम केलं आहे. तुम्ही सांगितलेली दोन लक्षणं एकाच दुखण्याची आहेत.

मसुद्यातले कलमांचे क्रमांक आपोआप पडणारे आहेत. एक कलम उडवलं की खालचे सगळे एकेकाने वर सरकतात. पण कलमांच्या मजकुरात जिथे जिथे ‘कलम १६’, ‘कलम ११’ असा उल्लेख असतो, तो बहुतेक वेळा हाताने टाइप केलेला असतो आणि जागचा हलत नाही. तुमचं कलम ६ गेलं. त्यामुळे ५ पर्यंतच्या कलमांचे उल्लेख बरोबर राहिले असतील आणि ७ पासून पुढचे सगळे एका आकड्याने चुकले असतील. ‘१ ते २२’ हाही हाताने टाइप केलेला उल्लेखच.

कलम १७ मधली चूक तुम्हाला दिसली, कारण गच्ची आणि घर रिकामं करणं यांचा मेळ बसत नाही. मला काळजी वाटते ती न दिसणाऱ्या चुकांची. उल्लेख चुकीच्या कलमाकडे जातो, पण वाक्य वाचताना ठीक वाटतं. म्हणून एक काम करा. पीडीएफ उघडा आणि शोधाच्या चौकटीत ‘कलम’ हा शब्द टाका. ‘कलम ११’ असं टाकू नका, कारण एकाच मसुद्यात कुठे ११ तर कुठे 11 असे आकडे असतात आणि शोध त्यांना वेगळं धरतो. नुसता शब्द टाकून प्रत्येक जागेवर जा, आणि कुठल्या कलमात कुठल्या कलमाचा उल्लेख आहे ते कागदावर लिहा. ‘अट क्र.’ हे शब्दही तपासा. टंकणारा मध्येच शब्द बदलतो.

मधुमालती

माझीही पीडीएफची अडचण आहे, इथेच विचारते. मला आलेल्या करारात ‘कलम’ शोधलं तर काहीच सापडत नाही, आणि मजकूर कॉपी केला तर इंग्रजी अक्षरांचा कचरा येतो. पासवर्ड घातला असेल का? तो कसा काढायचा?

तळटीप

मधुमालती, पासवर्ड नसणार. फाइल जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकलेली आहे. त्या फाँटमध्ये दिसतं मराठी, पण आत साठवलेली अक्षरं इंग्रजी असतात. शोध आतली अक्षरं बघतो, म्हणून ‘कलम’ सापडत नाही. छापील प्रतीला याने धोका नाही, पण तुम्हाला उल्लेख डोळ्यांनीच शोधावे लागतील. कागदावर छापून पेन्सिलीने गोल करत जा.

मजकूर निवडताच येत नसेल, अख्खं पान चित्रासारखं एकदम निवडलं जात असेल, तर ते स्कॅन आहे. निळी_शाई, तुमच्या शेवटच्या पानावर ही चाचणी जरूर करा. पहिल्या चार पानांचा मजकूर निवडता येतो आणि पाचव्याचा येत नाही, असं असेल तर पाचवं पान बहुधा दुसऱ्या फाइलमधून आणून जोडलेलं आहे.

आणि रोखठोक दादा, पीडीएफ बदलता येत नाही हे खरं नाही. ती कुठेही तशीच्या तशी दिसावी म्हणून केलेली रचना आहे, बदल रोखण्यासाठी नाही. लिबरऑफिस ड्रॉमध्ये साधी पीडीएफ उघडून शब्द बदलता येतो, पानं काढणं-घालणं तर त्याहून सोपं.

निळी_शाई

कलमदान दादा, तुम्ही सांगितलं तसं बसून केलं. बरं झालं केलं.

पाच उल्लेख सापडले. कलम १९ मध्ये कलम ४ चा उल्लेख आहे, अनामत रक्कम परत करण्याबद्दल. तो बरोबर. कलम ९ मध्ये कलम २ चा आहे, तोही बरोबर. कलम १७ मधला १६ चा उल्लेख चुकीचा, ते मी आधी लिहिलंच. शेवटच्या पानावरचं ‘१ ते २२’ चुकीचं.

पाचवा असा. कलम १४ म्हणतं, ‘कलम ११ मधील मुदत भाडेकरूने न पाळल्यास एक महिन्याचे भाडे अनामत रकमेतून वळते करण्याचा अधिकार घरमालकास राहील.’ जुन्या मसुद्यात कलम ११ म्हणजे घर सोडण्याआधी दोन महिन्यांची नोटीस द्यायची, हे होतं. ते आम्हाला मान्यच होतं. आता नोटीस १० वर गेली आहे आणि ११ वर आलं आहे किरकोळ दुरुस्तीचं कलम. त्यात लिहिलं आहे की नळ, दिवे, कड्या यांची दुरुस्ती बिघाड कळल्यापासून पंधरा दिवसांत भाडेकरूने करावी. म्हणजे नव्या मसुद्याप्रमाणे एखादी कडी सोळाव्या दिवशी बसवली तर एक महिन्याचं भाडं कापलं जाऊ शकतं! आणि नोटीस न देता घर सोडलं तर मात्र काहीच नाही.

मी हे कलम काल दोनदा वाचलं होतं. वाक्यात ‘मुदत’ आहे आणि कलम ११ मध्येही ‘मुदत’ आहे, त्यामुळे मला काही खटकलंच नाही.

शेवटच्या पानाचा मजकूर निवडता येतो, म्हणजे ते स्कॅन करून जोडलेलं तरी दिसत नाही.

कलमदान

मला याचीच भीती होती. आणि बघा, हे तुमच्या मालकांच्याही विरोधात जातं. त्यांचं नोटिशीचं संरक्षण नकळत निघून गेलं. म्हणून त्यांना सांगताना तुमचा-आमचा असा सूर लावू नका. चूक दोघांना महाग पडणारी आहे हे दाखवलं की माणूस लगेच ऐकतो.

रोखठोक

पीडीएफबद्दल माझं चुकलं, मान्य. पण दोन्ही मसुदे ईमेलमध्ये आहेत. वाद झालाच तर जुना मसुदा दाखवून मूळ हेतू सिद्ध करता येईल की.

कलमदान

कदाचित येईल. पण जुना मसुदा हा शेवटी रद्द झालेला मसुदा, आणि सही असेल नव्यावर. समोरचा म्हणू शकतो की मधल्या काळात बोलून आम्ही हे बदललं. कोण काय मानेल ते मी सांगू शकत नाही. आज दहा मिनिटांत सुधारता येणारी गोष्ट तिथपर्यंत का न्यायची, एवढंच माझं म्हणणं.

पानोपानी छोट्या सह्यांचा तुमचा सल्ला मात्र चांगला आहे, तो सोडू नका. फक्त त्याने काय साधतं ते नीट समजून घ्या. हे पान या माणसाने पाहिलं होतं, एवढंच ती सही सांगते. ते पान दुसऱ्या मसुद्याचं की तिसऱ्याचं, हे ती सांगत नाही. त्यासाठी पानावरच काहीतरी छापलेलं असावं लागतं.

घरधनी

मी स्वतः घरं भाड्याने देतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. शेवटच्या पानावर सही आधी मागणं म्हणजे फसवणूक नव्हे. भाडेकरू दुसऱ्या गावात असतो, सामान हलवायची तारीख ठरलेली असते, आणि मसुद्यात शेवटपर्यंत किरकोळ बदल चालू असतात. दर वेळी पाच पानं छापा, सही करा, स्कॅन करा, यात आठवडा जातो. मी कित्येकदा सहीचं पान आधी घेऊन ठेवलं आहे आणि कधीही त्याचा गैरवापर केलेला नाही.

कलमदान

घरधनी, तुमच्या हेतूबद्दल शंका नाही. पण उद्या भाडेकरूच म्हणाला की ‘मी सही केली तेव्हा कलम १४ असं नव्हतं’, तर तुम्ही काय दाखवाल? तुमच्याकडे सहीचं एक पान आहे आणि त्यावर एकही अट नाही. ते पान कुठल्याही कराराला लावता येईल असं आहे, त्यामुळे ते तुमचाही बचाव करत नाही. सह्यांचं पान कराराला बांधलेलं असेल तरच त्याचा तुम्हाला उपयोग.

बांधायचं कसं, ते सांगतो. निळी_शाई ताई, चौथ्या पानाच्या तळाशी रिकामी जागा आहे का? असल्यास किती?

निळी_शाई

जवळजवळ एक तृतीयांश पान रिकामं आहे. पहिल्या मसुद्यात ते पान पूर्ण भरलेलं होतं. पानांवर क्रमांक नाहीत.

कलमदान

म्हणजे सह्यांच्या आधी सक्तीचा पानबदल टाकलेला आहे. कलम ६ च्या सहा-सात ओळी गेल्यावर मजकूर वर सरकला, पण सह्या मात्र नव्या पानावरच राहिल्या. काही जण पानबदलाऐवजी एंटर दाबत दाबत सह्या खाली ढकलतात. ते अजून वाईट, कारण दुसऱ्या संगणकावर फाँट जरा वेगळा निघाला की ‘घरमालक’ एका पानावर आणि ‘साक्षीदार’ दुसऱ्या पानावर जातात.

ती एक तृतीयांश जागाही धोक्याचीच आहे. सह्या झाल्यावर तिथे आणखी एक कलम सहज छापता येतं. शेवटच्या कलमाखाली मधोमध ‘कराराचा मजकूर येथे समाप्त’ एवढी ओळ असली तरी त्यानंतर काही घालणं लगेच दिसून येतं.

योग्य रचना अशी. शेवटची एक-दोन कलमं आणि सगळ्या सह्या एकाच पानावर हव्यात. वर्डमध्ये त्या कलमांपासून सह्यांपर्यंतचे सगळे परिच्छेद निवडून परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये `Keep with next` वर खूण करायची. सह्या तक्त्यात असतील तर शेवटची ओळ सोडून तक्त्याच्या सगळ्या ओळींनाही तीच खूण करायची. मग वर कितीही कलमं कमी-जास्त झाली तरी शेवटचं कलम सह्यांचा हात सोडत नाही. जागा पुरली नाही तर दोघंही मिळून पुढच्या पानावर जातात. सक्तीचा पानबदल मात्र आधी काढून टाकायचा, नाहीतर या खुणेचा काही उपयोग होत नाही.

सहीच्या पानावर अटींचा थोडा जरी मजकूर असला तरी ते पान दुसऱ्या कराराला लावणं अवघड होतं. पानाच्या तळाशी ‘भाडेकरार, मसुदा ३, पान ५ पैकी ४’ अशी ओळ प्रत्येक पानावर छापा, सहीच्या पानावरसुद्धा. मसुद्याचा क्रमांक दर बदलाला वाढवा. ती ओळ खोटी छापता येते हे खरं आहे. म्हणून सह्या झाल्याबरोबर अख्खा करार, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत, एकाच फाइलमध्ये स्कॅन करून दोघांनी एकमेकांना ईमेल करायचा. त्या दिवशीची ती ईमेल नंतर फार कामाला येते.

तळटीप

क्रमांकांच्या चुकीवर दोन उपाय आहेत.

पहिला टंकणाऱ्याच्या हातात आहे. ‘कलम ११’ मधला ११ टाइप करायचा नाही. वर्डमध्ये `References` मधलं `Cross-reference` उघडून `Numbered item` निवडायचं आणि यादीतून ते कलम घ्यायचं. लिबरऑफिसमध्ये `Insert` खाली तेच आहे, तिथे `Numbered Paragraphs` निवडायचं. मग कलम सरकलं की उल्लेखही सरकतो. वर्डमध्ये तो आपोआप सरकत नाही, सगळा मजकूर निवडून `F9` दाबावं लागतं. पीडीएफ करण्याआधी हे राहिलं तर तुम्ही पुन्हा तिथेच. ज्या कलमाचा उल्लेख आहे तेच उडवलं असेल तर त्या जागी `Error! Reference source not found.` असं ठळक दिसतं. ते छापून आलं तर वाईट दिसतं, पण निदान लपून राहत नाही.

दुसरा वाचणाऱ्यासाठी. तुमच्याकडे दोन्ही पीडीएफ आहेत. मजकूर निवडता येतो, म्हणजे त्यातला मजकूर बाहेर काढून ओळीला ओळ लावून बघता येईल.

```
pdftotext -layout masuda1.pdf m1.txt
pdftotext -layout masuda2.pdf m2.txt
diff m1.txt m2.txt
```

देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी वगैरे इकडची तिकडे गेलेली दिसेल, त्याने घाबरू नका. दोन्ही फाइली एकाच प्रोग्रामने केल्या असतील तर मोडतोड बहुधा सारखीच होते, त्यामुळे तुलना चालते. संगणकावर हे करता येत नसेल तर दोन्ही प्रती शेजारी ठेवून एकीने मोठ्याने वाचायचं आणि दुसरीने दुसऱ्या प्रतीवर बोट ठेवायचं. बहीण आहेच तुमच्याबरोबर.

निळी_शाई

बहिणीच्या लॅपटॉपवर करून बघितलं. पण सहाव्यानंतर प्रत्येक कलम बदललेलं दाखवतं आहे. एवढे बदल केलेत का त्यांनी?

तळटीप

नाही नाही. क्रमांक बदलला की कलमाची पहिली ओळ बदलली असं ते समजतं. ‘७.’ चं ‘६.’ झालं, म्हणजे त्याच्या दृष्टीने नवी ओळ. मजकूर एका ओळीतून दुसऱ्या ओळीत गेला असेल तरी तेच. तुम्हाला प्रत्येक जोडी डोळ्यांनी बघावी लागेल, क्रमांक सोडून बाकी शब्द तेच आहेत ना एवढंच.

कलमदान

याच कारणासाठी मी एकदा फिरलेल्या मसुद्याचे क्रमांक कधीच बदलत नाही. कलम काढायचं असेल तर क्रमांक ठेवायचा आणि मजकुराच्या जागी लिहायचं, ‘६. (वगळले)’. नवं घालायचं असेल तर ‘६अ’. कायद्यांच्या पुस्तकांतही तसंच करतात, कारण इतर शंभर ठिकाणी त्या क्रमांकाचा उल्लेख झालेला असतो.

तुमच्या बाबतीत ही एक ओळ घातली की काय होईल बघा. नोटीस परत ११ वर, दुरुस्ती १२ वर, घर रिकामं करण्याची कारणं परत १६ वर. शेवटच्या पानावरचं ‘१ ते २२’ पुन्हा बरोबर. पाचपैकी एकाही उल्लेखाला हात न लावता सगळे जागेवर येतील. आणि दोन मसुद्यांची तुलना केली तर सहावं कलम सोडून काहीच वेगळं दिसणार नाही, म्हणजे दुसरं काही बदललं आहे का तेही स्वच्छ कळेल.

मालकांना असा निरोप पाठवा:

‘कलम ६ काढल्याबद्दल आभार. ते काढताना पुढचे क्रमांक सरकले, त्यामुळे कलम १४ आता नोटिशीऐवजी दुरुस्तीच्या मुदतीला लागू होतं आहे, आणि नोटीस न दिल्यास आपल्याला मिळणारं संरक्षण त्यातून निघून गेलं आहे. कृपया कलम ६ च्या जागी फक्त “(वगळले)” असं लिहावं, म्हणजे बाकी काही बदलावं लागणार नाही. शेवटची दोन कलमं आणि सह्या एकाच पानावर घ्याव्यात, आणि तळाशी मसुद्याचा व पानाचा क्रमांक यावा. तशी प्रत आली की आम्ही सगळ्या पानांवर सही करून त्याच दिवशी पूर्ण स्कॅन पाठवू.’

घरधनी

‘वगळले’ असं छापलेलं बरं दिसत नाही. काय काढलं होतं, कोणी काढायला लावलं, असे प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात येतात. मी तरी अंतिम प्रत स्वच्छ मागेन.

कलमदान

स्वच्छ प्रत हवी तर तळटीप यांनी सांगितलेले जोडउल्लेख आधी घालून घ्या, मग खुशाल क्रमांक सरकवा. हाताने टाइप केलेल्या उल्लेखांवर क्रमांक सरकवणं मला पटत नाही.

पायवाट

माझा अनुभव लिहितो, कारण तुम्ही दोघी बहिणी आहात. आम्ही तिघांनी मिळून घर घेतलं होतं. करारात पहिल्या परिच्छेदात तिघांची नावं होती, पण शेवटच्या पानावर ‘भाडेकरू’ म्हणून एकच रेघ. तिथे माझी सही झाली. सात महिन्यांनी एक जण सोडून गेला आणि म्हणाला, मी सहीच केलेली नाही, मला नोटीस द्यायची गरज नाही. त्याचा वाटा आम्ही दोघांनी भरला. मैत्री गेली ती वेगळीच. तुमच्या शेवटच्या पानावर किती रेघा आहेत ते बघा.

निळी_शाई

पायवाट, एकच आहे. ‘भाडेकरू’ आणि त्याखाली रेघ, नावही छापलेलं नाही. पहिल्या पानावर मात्र आम्हा दोघींची पूर्ण नावं आहेत.

कलमदान

मग तेही निरोपात घाला. प्रत्येक सही करणाऱ्याला स्वतंत्र चौकट, रेघेखाली पहिल्या पानावर आहे अगदी तसंच पूर्ण नाव छापलेलं, आणि शेजारी दिनांक व ठिकाण हाताने लिहायला जागा. दिनांक छापून घेऊ नका, ज्याने त्याने सही करताना स्वतःच्या अक्षरात लिहावा. साक्षीदारांनाही तसंच.

मधुमालती

दोघी वेगवेगळ्या ठिकाणी असतील तर सहीचा फोटो काढून पीडीएफमध्ये चिकटवला तर चालतो का? माझा भाऊ तसंच करतो.

तळटीप

चिकटवलेला फोटो कोणीही तिथून उचलून दुसऱ्या पानावर लावू शकतो, त्यामुळे मी तसं करत नाही. पीडीएफची खरी डिजिटल सही वेगळी. ती अख्ख्या फाइलच्या मजकुराशी गणिताने बांधलेली असते, त्यामुळे सहीनंतर एखादं अक्षर बदललं तर उघडणारा प्रोग्राम तसं सांगतो. पण त्यासाठी प्रमाणपत्र लागतं, आणि भाडेकराराला ती कुठे चालते हे त्या त्या ठिकाणच्या नियमांवर आहे. तिथे स्थानिक माणसालाच विचारा.

निळी_शाई

आज संध्याकाळी नवी पीडीएफ आली. निरोप वाचून मालकांचा फोन आला होता. कलम १४ चं ऐकून तेच जास्त दचकले. म्हणाले, हा नमुना मी तीन घरांना वापरला आहे, आता ते करारही काढून बघतो.

कलम ६ च्या जागी ‘(वगळले)’ आहे. पाचही उल्लेख पुन्हा तपासले, बरोबर लागतात. पानं आता चारच झाली. चौथ्या पानावर कलम २१, कलम २२, मग ‘कराराचा मजकूर येथे समाप्त’ आणि त्याखाली मालक, मी, बहीण आणि दोन साक्षीदार अशा पाच चौकटी. तळाशी ‘मसुदा ३, पान ४ पैकी ४’. पुन्हा तुलना केली तर सहावं कलम, तळाची ओळ आणि सह्यांचा भाग एवढंच वेगळं निघालं.

एक गोष्ट राहिली. घरातल्या सामानाची यादी, म्हणजे पंखे, दिवे, कपाटं, मालकांनी परिशिष्ट म्हणून वेगळ्या पीडीएफमध्ये पाठवली आहे. ती सह्यांच्या नंतर लावू की आधी?

कलमदान

आधी. कलम २२ नंतर यादी, मग शेवटी सह्या. सहीच्या वर जे आहे ते मान्य, हे सगळ्यांना कळतं. सहीनंतर आलेल्या कागदाबद्दल नेहमी वाद घालता येतो.

तळटीप

मी इथे कलमदान यांच्याशी सहमत नाही. यादी मधे आली तर शेवटची कलमं सह्यांपासून पुन्हा दूर जातील, आणि यादीत राहायला जायच्या दिवसापर्यंत बदल होतात. यादी सह्यांच्या नंतर ठेवा, कलमात ‘परिशिष्ट अ, एक पान’ असा उल्लेख करा आणि यादीवर सगळ्यांच्या वेगळ्या सह्या व दिनांक घ्या.

घरधनी

मी यादी नेहमी चावी देताना घरात उभं राहून करतो आणि तिथेच दोघं सही करतो. करार त्याच्या आठ दिवस आधी झालेला असतो. तेव्हा ती सह्यांच्या आधी येणार कशी?

कलमदान

चावी देताना केलेली यादी असेल तर ती नंतरच येणार, तिथे तळटीप यांचं बरोबर. पण निळी_शाई ताईंकडे यादी आजच तयार आहे. तरीही चावी घेताना वस्तू बदललेल्या निघाल्या तर काय, याला माझ्याकडे चोख उत्तर नाही.

निळी_शाई

कलम १३ मध्ये ‘सोबतच्या यादीप्रमाणे’ एवढंच आहे, परिशिष्टाचं नाव किंवा पानांची संख्या नाही. तिथे ‘परिशिष्ट अ, एक पान’ घालायला सांगते आणि मसुदा ४ मागवते. यादी कुठे लावायची ते बहिणीशी बोलून उद्या ठरवते.